मॅच प्रेडिक्शन मॉडेल तारखेप्रमाणे कसं तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला ‘आयपीएलचा विजेता ओळखा’ हा प्रोजेक्ट कुणी ना कुणी घेतंच. क्रिकशीटवरून डेटा उतरवायचा, दहा-बारा फीचर बनवायचे, `train_test_split` चालवायचं आणि ९० टक्के अचूकता आली की स्लाइडवर मोठ्या अक्षरांत छापायची. मग व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक एकच प्रश्न विचारतात: “हे मॉडेल उद्याच्या मॅचचं काय सांगतं?” बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. या पानावरचे सगळे प्रश्न त्या एका अडचणीबद्दल आहेत. उदाहरण सगळीकडे शक्यतो एकच घेतलं आहे, आयपीएल २०२२, कारण त्या सीझनमध्ये जे झालं ते आधी कुणालाच माहीत नव्हतं.

रँडम स्प्लिट केल्याने नेमकं बिघडतं काय?

गुजरात टायटन्सची पहिली मॅच घ्या. २८ मार्च २०२२, वानखेडे, समोर लखनौ. दोन्ही संघ नवेकोरे, दोघांच्याही नावावर एकही मॅच नाही. त्या दिवशी सकाळी कुणी विचारलं असतं की कोण जिंकेल, तर संघाच्या इतिहासावरून सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

आता २००८ ते २०२२ या सगळ्या मॅचेस एकत्र पिसल्या आणि चारातली एक या हिशेबाने टेस्टला काढली, असं समजा. ही पहिली मॅच टेस्टमध्ये गेली. त्या सीझनमध्ये गुजरात एकूण १६ मॅच खेळलं आणि १२ जिंकलं. उरलेल्या १५ पैकी साधारण ११ ट्रेनिंगमध्ये जाणार, आणि त्यातल्या आठेक जिंकलेल्या असणार. म्हणजे २८ मार्चचा अंदाज बांधायच्या आधीच मॉडेलने २९ मेची फायनलसुद्धा पाहिलेली असू शकते. ‘गुजरात’ हे नाव दिसलं की जिंकण्याकडे कल द्यायचा, एवढं ते शिकतं. टेस्टमध्ये उत्तर बरोबर येतं आणि आपल्याला वाटतं मॉडेल हुशार आहे.

उलट बाजूला मुंबई इंडियन्स. २०२२ च्या आधी पाच वेळा विजेते. त्या सीझनला मात्र पहिल्या आठही मॅच हरले, १४ पैकी फक्त ४ जिंकले आणि तळाला राहिले. मॉडेलमध्ये सीझनचा कॉलम असेल, तर रँडम स्प्लिटमध्ये ‘मुंबई आणि २०२२’ ही जोडी हरते हे त्याला ट्रेनिंगमधूनच कळतं. तारखेने तोडलं तर २०२१ पर्यंतचाच डेटा हाताशी असतो, मॉडेल मुंबईला झुकतं माप देतं आणि चुकतं. ही चूक खरी आहे. एप्रिल २०२२ मध्ये मॉडेल वापरलं असतं तर तीच झाली असती.

द्राक्षाच्या भाषेत सांगायचं तर, दुपारी पडलेला पाऊस वहीत बघून ‘सकाळीच डावणीची फवारणी घ्यायला हवी होती’ असं सांगण्यासारखं आहे हे. सकाळी बागेत उभा असलेल्या माणसाकडे ती वही नसते.

माझ्याकडे प्रत्येक चेंडूची एक ओळ आहे. तिथेही हेच होतं का?

तिथे याच्या कितीतरी पट जास्त होतं. ९९ टक्के अचूकता दाखवणारे बहुतेक प्रोजेक्ट याच जातीचे असतात.

दुसऱ्या डावात प्रत्येक चेंडूनंतर जिंकण्याची शक्यता सांगणारं मॉडेल घ्या. एका मॅचच्या जास्तीत जास्त १२० ओळी होतात, वाइड-नोबॉल धरले तर थोड्या जास्त. प्रत्येक ओळीत लक्ष्य, लागणाऱ्या धावा, उरलेले चेंडू, पडलेल्या विकेट आणि मैदान. शेवटच्या कॉलमात कोण जिंकलं, आणि तो कॉलम मॅचच्या सगळ्या ओळींत सारखाच. ओळी पिसल्या की एकाच मॅचच्या ९० ओळी ट्रेनिंगमध्ये आणि ३० टेस्टमध्ये जातात. चौदाव्या षटकाचा दुसरा चेंडू ट्रेनिंगमध्ये, तिसरा टेस्टमध्ये. दोन्ही ओळींत फरक एका धावेचा आणि एका चेंडूचा.

रँडम फॉरेस्टला मग क्रिकेट कळायची गरजच उरत नाही. ‘लक्ष्य १८७, मैदान ब्रेबॉर्न, हे दोन संघ’ एवढ्यावरून मॅच ओळखता येते आणि ती कोण जिंकलं हे शेजारच्या ओळीत लिहिलेलंच असतं. याची एक सोपी खूण आहे. रँडम फॉरेस्ट लॉजिस्टिक रिग्रेशनला फार मोठ्या फरकाने मागे टाकत असेल, आणि तारखेने तोडल्यावर तो फरक जवळजवळ नाहीसा होत असेल, तर फॉरेस्टने घोकंपट्टी केली होती असं समजा.

इथे अख्खी मॅच एका बाजूला ठेवणं ही पहिली पायरी. `GroupKFold` ला `match_id` दिला की ती होते. पण त्याने काळाचा क्रम पाळला जात नाही, २०२३ च्या मॅचेसवर शिकून २०२२ चा अंदाज होतच राहतो. तारखेने तोडलं की दोन्ही कामं एकदम होतात.

एका मॅचच्या दोन ओळी आहेत, एकेका संघाच्या बाजूने. त्याने काही फरक पडतो?

पडतो. रँडम ७५-२५ मध्ये टेस्टमधल्या कुठल्याही ओळीची जोडीदार ओळ ट्रेनिंगमध्ये असण्याची शक्यता साधारण ७५ टक्के. ‘गुजरात विरुद्ध लखनौ, जिंकले’ हे वाचलेल्या मॉडेलला ‘लखनौ विरुद्ध गुजरात’ विचारायचं, म्हणजे उत्तरपत्रिका उलटी धरून समोर ठेवायची. दोन्ही ओळींची तारीख एकच असल्यामुळे तारखेच्या स्प्लिटमध्ये त्या एकत्रच राहतात.

बरं, तोडायचं कुठे?

दोन सीझनच्या मधल्या मोकळ्या काळात. सीझनच्या मध्ये तोडणं चुकीचं नाही, पण पहिल्यांदा करताना सीझनची सीमाच धरा, गोंधळ कमी होतो. आमची वाटणी अशी: २००८ ते २०१९ ट्रेनिंग, २०२० आणि २०२१ व्हॅलिडेशन, २०२२ टेस्ट. कोणते फीचर ठेवायचे, झाडांची खोली किती, हे सगळं २०२० आणि २०२१ वर ठरवायचं. ठरलं की २००८ ते २०२१ वर, म्हणजे सुमारे ८७५ मॅचेसवर, मॉडेल पुन्हा शिकवायचं आणि २०२२ च्या ७४ मॅचेसवर एकदाच चालवायचं.

```python
df["date"] = pd.to_datetime(df["date"], format="%Y-%m-%d")
df = df.sort_values(["date", "match_id"])

train = df[df["date"] < "2022-01-01"]
test = df[(df["date"] >= "2022-01-01") & (df["date"] < "2023-01-01")]

assert train["date"].max() < test["date"].min()
```

शेवटची `assert` ओळ काढू नका. पुढे कुणीतरी मध्येच `sample(frac=1)` घालतं किंवा दोन फाइल उलटसुलट जोडतं, तेव्हा हीच ओळ ओरडते.

आणि हो, `train_test_split` काही सांगितलं नाही तर आपणहून पिसतो, कारण त्यात `shuffle=True` आधीपासूनच असतं. `shuffle=False` दिलं तर तो ओळींच्या क्रमाने तोडतो. फाइल तारखेने लावलेली नसेल तर त्या क्रमाला काही अर्थ नसतो.

`TimeSeriesSplit` वापरला तर चालेल का?

चालेल, पण तो तारीख बघत नाही, ओळी मोजतो. शनिवार-रविवारी दोन मॅच असतात. दुपारची ट्रेनिंगमध्ये आणि संध्याकाळची टेस्टमध्ये, असा तुकडा पडू शकतो. चेंडूच्या ओळी असतील तर एकाच मॅचच्या मधोमध सुरी फिरते. त्यापेक्षा सीझनांची यादी घेऊन साधा `for` लूप लिहा: २०१९ पर्यंत शिकून २०२० तपासा, २०२० पर्यंत शिकून २०२१ तपासा, असं पुढे सरकत जा. दहा ओळींचं काम आहे आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

टेस्ट सीझनमधल्याच आधीच्या मॅचेसचे निकाल फीचरमध्ये घ्यायचे, ही गळती नाही का?

नाही. अंदाजाच्या वेळी माहीत नसलेली गोष्ट मॉडेलच्या हाती लागली, तर ती गळती. हा गैरसमज फार आहे, आणि त्यापायी लोक आपलं मॉडेल विनाकारण आंधळं करून घेतात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, मॉडेलचे आकडे, म्हणजे कोणत्या फीचरला किती वजन द्यायचं ते. हे २०२१ अखेरपर्यंतच्या डेटावर ठरलं आणि तिथेच गोठलं. दुसरी, फीचरची त्या दिवशीची किंमत. ३० एप्रिल २०२२ ला मुंबईची मॅच आहे, तर मुंबई आधीच्या आठही मॅच हरली आहे हे २९ एप्रिलला अख्ख्या देशाला माहीत होतं. ते मॉडेलला सांगायलाच हवं. नियम एवढाच: ज्या मॅचचा अंदाज करायचा तिच्या तारखेच्या आधी जे संपलं ते सगळं चालतं, नंतरचं काहीही चालत नाही.

एलो रेटिंगचं, म्हणजे प्रत्येक मॅचनंतर वरखाली होणाऱ्या संघाच्या ताकदीच्या आकड्याचं, उदाहरण बघा. गुजरात आणि लखनौ दोघांनाही १५०० ने सुरुवात द्या. अपेक्षित शक्यता

```
E = 1 / (1 + 10**((Rb - Ra)/400))
```

या सूत्राने येते. `Ra` आपल्या संघाचं रेटिंग, `Rb` समोरच्याचं, म्हणजे २८ मार्चला दोघांना ०.५. के, म्हणजे एका मॅचने रेटिंग जास्तीत जास्त किती हलू द्यायचं तो आकडा, २० धरला तर गुजरात जिंकल्यावर त्यांचे १५१० होतात आणि लखनौचे १४९०. २ एप्रिलला गुजरातसमोर दिल्ली. दिल्लीचं रेटिंग समजा १५२० आहे. फरक १० चा, त्यामुळे गुजरातची शक्यता साधारण ०.४८६. ही किंमत मॅचच्या ओळीत लिहायची, आणि मगच निकाल बघून रेटिंग बदलायचं. गुजरात जिंकलं, म्हणून १५१० चे १५२०.३ झाले. आधी लिहा, मग बदला. क्रम उलटला की काय होतं ते पुढच्या उत्तरात येईल.

तारखेनेच तोडलंय, तरी ९० टक्के येतात. आता काय?

आता चूक स्प्लिटमध्ये नाही, फीचरमध्ये आहे. तारखेचा स्प्लिट ओळी वेगळ्या करतो, ओळीच्या पोटात काय आहे ते तो बघत नाही. आम्ही पाहिलेल्या कोडमध्ये सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी चूक अशी: संघाची सीझनमधली जिंकण्याची सरासरी काढताना आजची मॅचही धरली जाते.

गुजरातची पहिली मॅच पुन्हा घ्या. आजची मॅच धरून सरासरी काढली तर १ पैकी १, म्हणजे १.०. लखनौची १ पैकी ०, म्हणजे ०.०. फीचरमध्ये निकालच छापून ठेवला. पाचव्या मॅचला ही चूक थोडी लपते. आधीच्या चारांत दोन विजय असतील तर खरी किंमत ०.५. आजची धरली तर जिंकल्यास ०.६ आणि हरल्यास ०.४. चौदाव्या मॅचपर्यंत फरक आणखी बारीक होतो. म्हणून एक करून बघा: टेस्टमधली अचूकता मॅचच्या क्रमांकाप्रमाणे वेगवेगळी काढा. सीझनच्या पहिल्या दोन-तीन मॅचेसना मॉडेल जवळजवळ अचूक आणि पुढे हळूहळू उतरतं, असं दिसलं तर हीच गळती आहे. प्रामाणिक मॉडेलचं याच्या उलट व्हायला हवं, कारण सुरुवातीला माहिती कमी असते.

दुरुस्ती एका `shift` ची आहे. `long` म्हणजे एका मॅचच्या दोन ओळी, एकेका संघाच्या बाजूने, असलेला तक्ता:

```python
long = long.sort_values(["team", "date"])
long["rate"] = (
    long.groupby(["team", "year"])["win"]
        .transform(lambda s: s.shift(1).expanding().mean())
)
long["rate"] = long["rate"].fillna(0.5)
```

`shift` आणि `expanding` दोन्ही `transform` च्या आत ठेवा. `shift` गटात केला आणि `expanding` बाहेर राहिला, तर एका संघाची सरासरी दुसऱ्यात वाहून जाते, आणि कोड कुरकुर न करता चालतो. पहिल्या मॅचच्या रिकाम्या जागी ०.५ घातलंय. तिथे अख्ख्या कॉलमची सरासरी घालू नका, तिच्यात पुढच्या सीझनचे आकडे असतात. पावसाने वाहून गेलेल्या मॅचेस आधीच बाजूला काढा, नाहीतर त्या ‘हरले’ म्हणून मोजल्या जातात.

एलोमध्ये हीच चूक म्हणजे रेटिंग बदलल्यावर ते ओळीत लिहिणं. मग पहिल्याच मॅचला गुजरात १५१० आणि लखनौ १४९०, फरक २०. तुल्यबळ संघांत जिंकणाऱ्याचं रेटिंग दर वेळी वर दिसणार.

तिसरी जागा खेळाडूंच्या आकड्यांची. आज एखाद्या वेबसाइटवरून फलंदाजाचा कारकिर्दीचा स्ट्राइक रेट उतरवला आणि २०२२ च्या ओळीला चिकटवला, तर त्यात २०२३ आणि पुढचेही चेंडू आले. असे आकडे चेंडूंच्या डेटावरून, त्या तारखेपर्यंतचे, स्वतःच काढावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरी वाट नाही.

फीचरमध्ये गळती आहे की नाही हे खात्रीने कसं कळेल?

दोन चाचण्या लावा, आणि दोन्ही लावा. एक दुसरीची जागा घेत नाही.

पहिली चाचणी भविष्य कापण्याची. पूर्ण डेटावर फीचर बनवा, खालच्या कोडमध्ये ते काम तुमचं `build` फंक्शन करतं. मग एका तारखेनंतरचं सगळं कापून टाका, पुन्हा बनवा. त्या तारखेपर्यंतच्या ओळी तंतोतंत सारख्या यायला हव्यात.

```python
cut = pd.Timestamp("2022-04-30")
full = build(df)
part = build(df[df["date"] <= cut])

pd.testing.assert_frame_equal(
    full[full["date"] <= cut].reset_index(drop=True),
    part.reset_index(drop=True),
)
```

अख्ख्या डेटावर स्केलर लावला असेल, मैदानाची सरासरी सगळ्या वर्षांची मिळून काढली असेल, किंवा सीझनचा शेवटचा गुणतक्ता जोडला असेल, तर ही चाचणी इथेच पडते.

पण आजचीच मॅच सरासरीत धरण्याची चूक तिला सापडत नाही, कारण आजची मॅच कापलेल्या डेटातही आहे. त्यासाठी दुसरी चाचणी: ३० एप्रिलच्या मॅचेसचे निकाल मुद्दाम उलटे करा, हरलेल्याला जिंकवा, आणि फीचर पुन्हा बनवा. ३० एप्रिलच्या ओळींतलं एकही फीचर हलता कामा नये. हललं तर त्या कॉलमाचं नाव तुमच्या समोर असेल. पहिलीवर समाधान मानून थांबणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

टॉस आणि अकरा खेळाडूंची यादी घ्यायची का?

अंदाज कधी करणार, यावर आहे. टॉस मॅचच्या साधारण अर्धा तास आधी होतो आणि अंतिम अकराही तेव्हाच कळतात. अंदाज टॉसनंतर करणार असाल तर दोन्ही घ्या. सकाळी करणार असाल तर दोन्ही नाहीत, आणि ‘प्रथम फलंदाजी कुणाची’ हेही नाही. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर अंदाजाची वेळ लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक कॉलमाला एकच प्रश्न विचारता येतो: त्या वेळी हे माहीत होतं का? `player_of_match` हा कॉलम या प्रश्नात लगेच नापास होतो, तरी तो फीचरमध्ये आढळतो!

तारखेच्या कॉलममध्ये काय काय गोची असते?

क्रिकशीटच्या डेटात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सरळ येते, तिचा त्रास नाही. त्रास सीझनच्या कॉलमचा. २००८ चा सीझन तिथे `2007/08`, २०१० चा `2009/10` आणि २०२० चा `2020/21` असा लिहिलेला आहे. या मजकुरावर सीझन तोडायला गेलात तर पहिले चार आकडे घेणारा कोड २००८ ला २००७ करून ठेवतो. वर्ष तारखेतूनच काढा, म्हणजे `df["date"].dt.year`. आयपीएलचा कोणताही सीझन अजून एका वर्षातून दुसऱ्यात गेलेला नाही, त्यामुळे ते बरोबर येतं.

मॅच क्रमांकावरही विसंबू नका. २०२५ मध्ये ८ मेची धरमशालाची पंजाब-दिल्ली मॅच अर्धवट थांबली, स्पर्धा आठवडाभर स्थगित झाली आणि तीच मॅच २४ मे रोजी जयपूरला नव्याने खेळवली गेली. वेळापत्रकातल्या क्रमांकाने लावलं तर ती मधल्या मॅचेसच्या आधी बसते. २०२१ ला तर २९ मॅच मेच्या सुरुवातीपर्यंत भारतात झाल्या आणि उरलेल्या १९ सप्टेंबरपासून अमिरातीत. ‘शेवटच्या मॅचला किती दिवस झाले’ असा फीचर असेल तर तिथे साडेचार महिन्यांचा आकडा येतो.

आपल्याकडच्या क्लब सामन्यांची नोंद एक्सेलमध्ये असते, आणि तारीख ०४/०५/२०२२ अशी. आपल्यासाठी ती ४ मे. पांडाज ती सांगितल्याशिवाय ५ एप्रिल वाचतो. जुन्या आवृत्त्यांत १३/०५ सारखी तारीख आली की तेवढीच ओळ दिवस-आधी वाचली जायची आणि एकाच कॉलमात दोन्ही पद्धतींची मिसळ व्हायची, तीही नाशिकची नव्हे! `format="%d/%m/%Y"` स्पष्ट लिहा. नंतर प्रत्येक महिन्यात किती मॅच पडल्या ते मोजा. भर पावसाळ्यात डझनभर मॅच दिसल्या तर तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत.

संघांची नावं बदलतात, तीही जुळवून घ्या. दिल्ली डेअरडेव्हिल्सचं २०१९ च्या सीझनपासून दिल्ली कॅपिटल्स, किंग्ज इलेव्हनचं २०२१ ला पंजाब किंग्ज, बॅंगलोरचं २०२४ ला बेंगळुरू. नाही जुळवलं तर तारखेच्या स्प्लिटमध्ये टेस्टला ‘नवाच’ संघ उगवतो आणि मॉडेलला त्याची ओळखच नसते.

२०२२ हा सीझन टेस्टसाठी विचित्र नाही का? साखळीच्या सगळ्या मॅच तर मुंबई-पुण्यात झाल्या.

विचित्र आहेच. साखळीच्या ७० पैकी ५५ मुंबई-नवी मुंबईत आणि १५ पुण्याजवळ गहुंजेला. घरच्या मैदानाचा फायदा शिकलेलं मॉडेल तिथे मुंबईला उगाच वाढवून देतं. २०२० अख्खा अमिरातीत झाला, म्हणजे व्हॅलिडेशनमध्येही तीच अडचण. २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आला आणि संघाची फलंदाजी लांबली. प्रत्येक सीझनला काही ना काही निराळं असतंच, म्हणून एकाच सीझनवर निकाल देऊ नका. २०२१ पर्यंत शिकून २०२२ तपासा, २०२२ पर्यंत शिकून २०२३, २०२३ पर्यंत शिकून २०२४. तिन्ही सीझनच्या निकाली मॅचेस मिळून २२० च्या आसपास होतात.

रँडमने ९०, तारखेने ५७ टक्के. हा आकडा घेऊन व्हायवाला कसं जायचं?

दोन्ही आकडे शेजारी ठेवून जा, आणि फरक कुठून आला ते सांगा. टॉसआधी टी-ट्वेंटीचा विजेता ओळखताना पन्नाशीच्या वर, साठीच्या आसपास राहणं स्वाभाविक आहे. ७० च्या पुढे गेलात तर आम्ही आधी गळती शोधू, अभिनंदन नंतर.

५७ वरही फार जीव लावू नका. ७४ मॅचेसवर नुसत्या योगायोगाने अचूकता सुमारे ११ टक्के इकडेतिकडे होते. ७४ पैकी ४२ बरोबर आले तर खरी ताकद ४५ पासून ६८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. तीन सीझन मिळून ही पट्टी साडेसहा टक्क्यांवर येते. त्यामुळे एका फीचरने अचूकता दोन टक्के वाढली, हे ७४ मॅचेसच्या जोरावर सांगता येत नाही.

सोबत लॉग लॉस द्या. प्रत्येक मॅचला ०.५ म्हणणाऱ्या मॉडेलचा लॉग लॉस ०.६९३ येतो. तुमचा त्याच्या खाली नसेल तर नाणं उडवणंच बरं. ९० टक्के खात्रीने सांगून चुकलं तर त्या एकाच मॅचचा तोटा २.३ होतो. फाजील आत्मविश्वास इथे पकडला जातो, अचूकतेत तो दिसत नाही.

टेस्टवर आकडा आवडला नाही म्हणून फीचर बदलून पुन्हा चालवलं. चालेल?

एकदा बग सापडला म्हणून चालवलं तर हरकत नाही, तसं लिहून ठेवा. आकडा वाढेपर्यंत फिरवत राहिलात तर २०२२ आता तुमचा व्हॅलिडेशन सीझन झाला. मग टेस्टसाठी २०२३ घ्या.

नाशिकच्या गोल्फ क्लबवरच्या रणजी मॅचेसचं मॉडेल करायचं आहे. तिथेही असंच?

तत्त्व तेच, पण तिथे एका मॅचला दोन तारखा असतात. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे गोल्फ क्लबवरच, महाराष्ट्र आणि बडोदा यांची मॅच २३ जानेवारी २०२५ ला सुरू झाली. त्याच दिवशी त्या फेरीतल्या इतर मॅचेसही सुरू झाल्या, उदाहरणार्थ मुंबई आणि जम्मू-काश्मीरची. चार दिवसांच्या मॅचमध्ये निकाल सुरुवातीच्या तारखेला नसतो. म्हणून अंदाजाची तारीख म्हणजे मॅचचा पहिला दिवस, आणि निकाल ‘माहीत झाला’ ती तारीख म्हणजे शेवटचा दिवस. डेटा क्रिकशीटच्या रचनेत असेल तर `dates` यादीत दोन्ही मिळतात. यादीतला पहिला घटक सुरुवात, शेवटचा घटक शेवट.

फीचर बनवताना दुसऱ्या मॅचची शेवटची तारीख या मॅचच्या पहिल्या तारखेपेक्षा लहान असेल तरच ती घ्या. `merge_asof` वापरत असाल तर `allow_exact_matches=False` द्या, नाहीतर त्याच दिवशी संपलेली मॅचही आत येते. आणि पहिल्या डावातल्या आघाडीचे गुण मोजणार असाल तर अनिर्णित मॅचेस फेकू नका. रणजीत त्यांची संख्या मोठी असते, आणि त्या फेकल्या तर संघाची ताकद चुकीची येते.